बंद सिरिंजमधली हवा: आकारमान एकसारखं घटताना दाब किती वेगाने वाढतो?

६० मिलिलिटरची एक प्लास्टिकची सिरिंज घ्या. सुई नको, तोंडावर टोपण घट्ट बसवा. आत ६० मिलि हवा आहे आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच, हिशेबाच्या सोयीसाठी १०० किलोपास्कल धरू. आता दट्ट्या अशा बेताने आत ढकलत न्यायचा की हवेचं आकारमान दर सेकंदाला बरोबर २ मिलिने कमी होत जाईल. आकारमान ४० मिलि होईल त्या क्षणी दाब किती वेगाने वाढत असेल?

बारावीच्या गणितात डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांमध्ये ‘रिलेटेड रेट्स’ म्हणून जी गणितं येतात, त्यातलं हे एक. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे विकलज, काढता येतो पण अशा शाब्दिक गणितापुढे नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. मी एकच गणित घेणार आहे आणि ते शेवटपर्यंत नेणार आहे, कारण या प्रकारात दहा गणितं घाईने सोडवण्यापेक्षा एक गणित सगळ्या बाजूंनी पाहिल्याने जास्त हाती लागतं.

आधी बदलणारं आणि न बदलणारं वेगळं करा

कागदावर पहिली ओळ लिहिण्याआधी दोन याद्या करा. दाब P, आकारमान V आणि वेळ t या गोष्टी बदलत आहेत. न बदलणाऱ्या गोष्टीही दोन आहेत. PV हा गुणाकार स्थिर आहे आणि आकारमान घटण्याचा वेग, दर सेकंदाला २ मिलि, स्थिर आहे.

PV स्थिर राहतो ते तीन अटींवर. हवा आत येत नाही आणि बाहेर जात नाही, तापमान बदलत नाही आणि दाब फार प्रचंड नाही. या नियमाला आपण बॉइलचा नियम म्हणतो. रॉबर्ट बॉइल यांनी तो १६६२ साली मोजमापांसह छापला.

स्थिरांकाची किंमत सुरुवातीच्या स्थितीवरून मिळते:

PV = १०० × ६० = ६०००

याचं एकक किलोपास्कल-मिलिलिटर. एकक विचित्र वाटलं तरी लिटर किंवा घनमीटरमध्ये रूपांतर करायची गरज नाही. पुढे दिसेल की आकारमानाचं एकक उत्तरात आपोआप कटतं. अट एवढीच की V आणि त्याचा वेग दोन्ही एकाच एककात हवेत.

दिलेला वेग चिन्हासकट लिहा. आकारमान कमी होतंय, म्हणून

dV/dt = −२ मिलि प्रति सेकंद

हे ऋण चिन्ह गणितात ‘घटतंय’ या शब्दात दडलेलं असतं. शब्दावरून नजर सरकते आणि पुढे उत्तर ऋण येतं, म्हणजे हवा दाबली तर दाब कमी होतो असं निघतं. म्हणून चिन्ह इथेच, पहिल्या मिनिटात लिहून टाकायचं.

आकडे घालायच्या आधी विकलन

आता PV = ६००० या समीकरणाचं दोन्ही बाजूंनी t च्या संदर्भात विकलन करायचं. P आणि V दोन्ही वेळेनुसार बदलतात, म्हणून डाव्या बाजूला गुणाकाराचा नियम लागतो. उजवीकडे स्थिर संख्या आहे, तिचा विकलज शून्य.

P (dV/dt) + V (dP/dt) = ०

गणिताचा सगळा जीव या ओळीत आहे, म्हणून इथे थोडं थांबू. पहिलं पद सांगतं की आकारमान बदलल्यामुळे गुणाकारात किती फरक पडला असता. दुसरं पद दाब बदलल्यामुळे पडणारा फरक सांगतं. गुणाकार तर बदलायला नको, म्हणून दोघांची बेरीज शून्य: एक जेवढं काढून घेतो तेवढं दुसऱ्याने भरून द्यायचं. हे मनात पक्कं बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

या ओळीच्या आधी V = ४० घालायचा मोह होतो. तो आवरा. P × ४० = ६००० असं लिहून विकलन केलं तर ४० (dP/dt) = ० मिळतं, म्हणजे दाब बदलतच नाही! चूक अशी झाली की ४० घातल्याक्षणी तुम्ही V ला गोठवून टाकलंत. ज्याचा बदल मोजायचा होता त्यालाच स्थिर केलंत. उत्तर शून्य आलं किंवा dV/dt हे पदच तुमच्या समीकरणात दिसेनासं झालं, तर हीच चूक झाली आहे असं समजा.

आता dP/dt एकटं करू:

dP/dt = −(P/V) (dV/dt)

त्या क्षणाचा दाब शोधा

आकडे घालायची वेळ आता आली. V = ४० आहे, dV/dt = −२ आहे. P किती? इथे बरेच जण १०० घालतात, कारण गणितात दिलेला दाबाचा तेवढा एकच आकडा असतो. पण १०० हा सुरुवातीचा दाब आहे. आपला क्षण ४० मिलिचा आहे आणि त्या क्षणीचा दाब आपल्यालाच काढायचा आहे:

P = ६००० ÷ ४० = १५० किलोपास्कल

मग

dP/dt = −(१५०/४०) × (−२) = ७.५ किलोपास्कल प्रति सेकंद

एककं पाहा: मिलि प्रति सेकंदला मिलिने भागलं, मिलि गेले. उरलं किलोपास्कल प्रति सेकंद. चिन्ह धन आहे, म्हणजे दाब वाढतोय.

P च्या जागी १०० घातले असते तर उत्तर ५ आलं असतं. हा ५ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो नुसताच चुकीचा आकडा नाही. ६० वरून ४० मिलिपर्यंत यायला १० सेकंद लागतात. तेवढ्यात दाब १०० वरून १५० वर जातो. म्हणजे सरासरी वेग ५० भागिले १०, बरोबर ५! हा योगायोग नाही. सुरुवातीचा दाब आणि त्या क्षणाचं आकारमान यांची अशी सरमिसळ केली की या गणितात नेहमीच सुरुवातीपासून तिथपर्यंतचा सरासरी वेग हाती येतो. खात्री करायची तर सुरुवातीचं आकारमान V₀ आणि दाब P₀ धरून सरासरी वेग काढून पाहा. आकारमान दर सेकंदाला k ने घटत असेल तर तो P₀k/V इतका येतो. म्हणजे ही चूक करणाऱ्याने एका वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं. प्रश्नात ‘त्या क्षणी’ किंवा ‘जेव्हा आकारमान ४० असेल तेव्हा’ असे शब्द असतील, तर सरासरी नको आहे.

उत्तर तपासायच्या दोन वाटा

पहिली वाट साध्या आकडेमोडीची. ४० मिलिच्या क्षणानंतर १ सेकंदाने आकारमान ३८ असेल, दाब ६००० ÷ ३८ म्हणजे सुमारे १५७.९. वाढ ७.९ ची. आता वेळ लहान करा: ०.१ सेकंदाने आकारमान ३९.८, दाब सुमारे १५०.७५४, म्हणजे सेकंदाला ७.५४ चा वेग. आणखी लहान, ०.०१ सेकंद घेतलं तर वेग ७.५०४. आकडे ७.५ च्या जवळ येताना दिसतात. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, पण ‘क्षणाचा वेग’ म्हणजे काय हे यातून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती तोंडी जमते. मिळालेलं सूत्र जरा वेगळं मांडा:

(dP/dt) / P = −(dV/dt) / V

डावीकडे दाबाच्या वाढीचं दाबाशी प्रमाण आहे, उजवीकडे आकारमानाच्या घटीचं आकारमानाशी. म्हणजे कोणत्याही क्षणी आकारमान सेकंदाला जितक्या टक्क्यांच्या वेगाने घटत असेल, तितक्याच टक्क्यांच्या वेगाने दाब वाढत असतो. आपल्या क्षणी ४० मधून २ जातायत, ५ टक्के. १५० चे ५ टक्के ७.५. झालं!

ही टक्क्यांची गोष्ट क्षणाच्या वेगालाच लागू आहे, मोठ्या बदलांना नाही. आकारमान ५० टक्क्यांनी घटून ३० झालं तर दाब ५० टक्क्यांनी नव्हे, १०० टक्क्यांनी वाढतो, २०० होतो. कारण मधल्या प्रत्येक क्षणी टक्केवारी बदलत गेलेली असते.

‘एकसारखं घटतं’ म्हणजे दाब एकसारखा वाढतो असं नाही

दट्ट्या एकाच गतीने आत जातोय, मग दाबही एकाच गतीने वाढत असेल असं मनाला वाटतं. वेगवेगळ्या क्षणी काय होतं ते पाहू. अगदी सुरुवातीला, ६० मिलिला, ६० मधले २ म्हणजे ३.३३ टक्के, आणि १०० चे तेवढे टक्के म्हणजे ३.३३ किलोपास्कल प्रति सेकंद. ४० ला ७.५ हे आपण काढलं. ३० मिलिला दाब २०० आणि वेग १३.३३. २० मिलिला दाब ३००, वेग ३०. दट्ट्याची गती तीच, पण दाब वाढण्याचा वेग नऊपट.

कारण सूत्रातच आहे. P च्या जागी ६०००/V ठेवलं तर

dP/dt = ६००० × २ / V² = १२०००/V²

आकारमान निम्मं झालं की वेग चौपट होतो, एक तृतीयांश झालं की नऊपट. V चा एक भाग दाब चढल्यामुळे येतो आणि दुसरा जागा कमी उरल्यामुळे. दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात, म्हणून वर्ग.

इथे कुणी विचारेल की V = ६० − २t असं सरळ लिहून P = ६०००/(६० − २t) चं विकलन का करायचं नाही? करता येतं. t = १० ला १२०००/१६०० = ७.५ हेच मिळतं. आकारमान एकसारखं घटत असेल तर ही वाट मोकळी असते. पण पुष्कळ गणितांत V वेळेनुसार कसा बदलतो ते दिलेलंच नसतं, फक्त त्या एका क्षणीचा वेग दिलेला असतो. तिथे पहिलीच पद्धत चालते, म्हणून सवय तिची ठेवावी आणि ही दुसरी पडताळ्यासाठी.

गेजवरचा दाब सूत्रात घालू नका

आतापर्यंतची काळजी कागदावरची होती. खरी सिरिंज आणि खरा दाबमापक समोर आला की वेगळीच चूक होते. सायकलच्या किंवा मोटारीच्या टायरचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. आपल्या सिरिंजला असा गेज लावला तर ६० मिलिला तो शून्य दाखवेल आणि ४० मिलिला ५०. हा ५० सूत्रात घातला तर (५०/४०) × २ = २.५ येतं, खऱ्या उत्तराच्या एक तृतीयांश.

ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीचा PV काढून पाहा. गेजच्या आकड्याने तो ० × ६० = ० येतो, आणि ४० मिलिला ५० × ४० = २०००. स्थिर असायला हवा तो गुणाकार जागेवर नाही. गेजच्या प्रत्येक आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा (समुद्रसपाटीला तो सुमारे १०१.३ किलोपास्कल असतो, आपण १०० धरलाय) आणि मगच गुणाकार करायचा. गंमत अशी की वाढीचा वेग दोन्ही दाबांसाठी सारखाच असतो, कारण बाहेरचा दाब ही स्थिर संख्या मिळवल्याने विकलज बदलत नाही. म्हणून शेवटच्या उत्तराची तुलना गेजच्या काट्याच्या वेगाशी खुशाल करा. फक्त सूत्रातला P पूर्ण दाब हवा.

बॉइल यांच्या तक्त्यात हीच बेरीज दिसते. एका टोकाला बंद अशा इंग्रजी J च्या आकाराच्या काचेच्या नळीत त्यांनी हवा कोंडली आणि लांब बाजूने पारा ओतत गेले. हवा ४८ भाग असताना दोन्हीकडचा पारा समपातळीत होता, म्हणजे जास्तीचा दाब शून्य. हवा २४ भागांवर आली तेव्हा पारा सुमारे २९.७ इंच वर चढला होता. त्यांनी प्रत्येक आकड्यात वातावरणाचा २९.१ इंच पाऱ्याएवढा दाब मिळवला, तेव्हा बेरीज सुमारे ५८.८ झाली. आता गुणाकार करा: ४८ ला सुमारे १३९८, २४ ला सुमारे १४११. फरक एका टक्क्याच्या आसपास. ती बेरीज केली नसती तर नियम दिसलाच नसता.

उलटा प्रश्न

परीक्षेत कधी दाबाचा वेग देऊन आकारमानाचा विचारतात. समजा, त्याच सिरिंजमध्ये हवा २५ मिलि असताना दाब सेकंदाला १२ किलोपास्कलने वाढतोय, तर आकारमान किती वेगाने बदलतंय? P = ६०००/२५ = २४०. १२ म्हणजे २४० चे ५ टक्के. म्हणून आकारमानही ५ टक्क्यांनी घटतंय, २५ चे ५ टक्के १.२५. उत्तर: dV/dt = −१.२५ मिलि प्रति सेकंद. पेपरात मात्र टक्क्यांचं तोंडी उत्तर लिहू नका. विकलनाची ओळ लिहा, मग आकडे घाला, कारण गुण त्या ओळीला असतात.

प्रत्यक्ष करून पाहताना

२ मिलि प्रति सेकंद या गतीने ३० सेकंदांत आकारमान शून्य व्हावं, आणि सूत्र म्हणतं की तेव्हा दाब अनंत होईल. तसं होत नाही, कारण हात त्याआधीच हरतो. सिरिंजचा आतला व्यास २७ मिलिमीटर धरला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ५.७ चौरस सेंटिमीटर. ४० मिलिला जास्तीचा दाब ५० किलोपास्कल, त्यासाठी जवळपास २९ न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे ३ किलो वजनाएवढं. २० मिलिला जास्तीचा दाब २०० किलोपास्कल, आणि बल ११४ न्यूटनच्या पुढे, साडेअकरा किलोहून जास्त वजनाएवढं. घर्षण वेगळंच. अंगठ्याने एकसारखी गती राखणं इथे अवघड होतं, म्हणून हात रोखून धरायचा असेल तर ३० मिलिच्या आसपास थांबलेलं बरं.

दुसरी अडचण तापमानाची. हवा झटकन दाबली की ती तापते, सायकलचा पंप गरम होतो तशी. उष्णता बाहेर पडायला जराही वेळ मिळाला नाही असं टोकाचं धरलं तर हवेसाठी PV नव्हे, P × V^१.४ स्थिर राहतो. तेव्हा ४० मिलिला दाब १५० ऐवजी सुमारे १७६ होतो आणि वेग ७.५ ऐवजी सुमारे १२.३. दहा सेकंद सावकाश दाबलेल्या लहान सिरिंजमध्ये उष्णता भिंतींतून निघून जायला बराच वेळ मिळतो, म्हणून आकडे पहिल्या गणिताजवळ राहतात. तरीही शंका आली तर दट्ट्या ४० वर धरून ठेवा आणि गेज पाहत राहा. काटा काही सेकंदांत थोडा खाली येऊन स्थिरावला, तर हवा तापली होती आणि आता निवतेय.

काटा स्थिरावलाच नाही, हळूहळू उतरतच राहिला, तर टोपणातून हवा गळतेय. मग PV स्थिर नाही आणि विकलनाच्या ओळीत उजवीकडे शून्य लिहिता येणार नाही, तिथे गळतीचं ऋण पद येईल. गळती आहे की नाही हे गेज नसतानाही कळतं: दट्ट्या ३० मिलिपर्यंत नेऊन सोडा. हवा शाबूत असेल तर तो उसळून ६० च्या जवळ येतो आणि घर्षणामुळे थोडा अलीकडे थांबतो. तो ५० वरच अडला, तर आधी बोटाने थोडा ओढून सोडा. पुन्हा ५० वर परतला, तर टोपण बदला.